साक्षात्काराची प्रश्नावली

२० एप्रिल १९६२, गुड फ्रायडे. बोस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपेलमध्ये हॉवर्ड थर्मन यांची उपासना चालू होती आणि तिचा आवाज ध्वनिक्षेपकांवरून तळघरातल्या एका लहान चॅपेलमध्ये पोचत होता. तिथे धर्मशास्त्राचे २० विद्यार्थी बसले होते. त्यांतल्या १० जणांना वॉल्टर पॅन्के या डॉक्टरांनी सायलोसायबिन दिले होते, प्रत्येकी ३० मिलिग्रॅम. काही जातींच्या अळंब्यांत सापडणारे हे द्रव्य माणसाची जाणीव काही तासांपुरती पालटून टाकते. उरलेल्या १० जणांना निकोटिनिक आम्ल दिले होते. त्याने अंगात ऊब येते, चेहरा लाल होतो, बाकी काही होत नाही. कोणाला काय मिळाले हे विद्यार्थ्यांना सांगितलेले नव्हते, पण थोड्याच वेळात ते सगळ्यांच्या लक्षात आले.

पॅन्के तेव्हा हार्वर्डमध्ये डॉक्टरेटचे काम करत होते. संतांच्या चरित्रांत ज्याचे वर्णन येते तसा अनुभव योग्य वातावरणात, योग्य तयारीच्या माणसाला अशा द्रव्याने येऊ शकतो का, हा त्यांचा प्रश्न होता. आता अडचण अशी की, एखाद्या विद्यार्थ्याला आला तो अनुभव ‘तसा’ होता हे ठरवायचे कशावरून? ताप मोजायला थर्मामीटर असतो, साक्षात्कार मोजायला काय? पॅन्के यांनी लक्षणांची यादी केली आणि तिच्यावरून प्रश्नावली बनवली. सगळे एक आहे असे वाटले का? काळाचे आणि जागेचे भान सुटले का? गाढ आनंद वाटला का, काही पवित्र समोर आहे असे वाटले का? हे भास नसून खरे आहे, नेहमीच्या जगाहून जास्त खरे आहे, अशी खात्री वाटली का? शब्दांत सांगता येत नाही असे वाटले का? अशी नऊ लक्षणे होती. सायलोसायबिन मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी त्यांतल्या बऱ्याच लक्षणांवर होकार दिला. दुसऱ्या गटाचे होकार फारच कमी होते.

या प्रयोगाचे नाव पुढे खूप झाले. माझे लक्ष मात्र औषधापेक्षा त्या यादीकडे जाते. ती आली कुठून? मुख्यत्वे वॉल्टर स्टेस यांच्या ‘मिस्टिसिझम अँड फिलॉसॉफी’ या १९६० साली निघालेल्या पुस्तकातून. गूढानुभवाच्या अभ्यासात गेली पन्नास वर्षे चाललेल्या एका मोठ्या भांडणातला तो एक पक्ष आहे. म्हणजे मोजपट्टी हातात घेतली तेव्हाच पॅन्के एका बाजूला जाऊन उभे राहिले होते.

तो पक्ष शाश्वतवाद्यांचा. ऑल्डस हक्सले यांच्या १९४५ सालच्या ‘द पेरेनिअल फिलॉसॉफी’मुळे हे नाव घरोघर पोचले. त्यांचे म्हणणे आपल्या कानांना ओळखीचे आहे: धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, काळ वेगळे, पण खोल उतरलेल्या सर्वांना अनुभव एकच येतो. कोणी त्याला ब्रह्म म्हणतो, कोणी ईश्वर, कोणी शून्य. नावाचा फरक, वस्तू तीच. आपल्याकडे कीर्तनात, प्रवचनात, शाळेच्या सर्वधर्मप्रार्थनेतही हेच गृहीत असते, इतके की, यावर वाद असू शकतो हेच अनेकांना नवे वाटेल.

स्टेस यांनी या श्रद्धेला तर्काची बैठक दिली. ते इंग्रज. १९१० ते १९३२ अशी २२ वर्षे सिलोनच्या ब्रिटिश प्रशासनात काढून मग ते अमेरिकेत प्रिन्स्टनला तत्त्वज्ञान शिकवायला गेले. त्यांचा युक्तिवाद एका भेदावर उभा आहे: अनुभव वेगळा आणि त्या अनुभवाचा लावलेला अर्थ वेगळा. ख्रिस्ती साधक म्हणतो, मी ईश्वराशी एक झालो. अद्वैती म्हणतो, मीच ब्रह्म आहे. बौद्ध म्हणतो, ‘मी’ नावाचे काही नव्हतेच. स्टेस म्हणतात, ही तिघांची भाष्ये झाली. ती बाजूला सारली की खाली एकच गोष्ट उरते: वस्तू, विचार, प्रतिमा काही नसलेली एकसंध जाणीव. डोळे उघडे ठेवून बाहेरच्या जगातच एकत्व दिसण्याचा आणखी एक प्रकार त्यांनी मान्य केला, पण खरे शिखर आतल्या अनुभवाचे. दृष्टांत, आकाशवाणी, दिसलेल्या मूर्ती, ऐकू आलेले नाद हे सगळे त्यांनी गूढानुभवातून काढून टाकले. ते ज्याच्या त्याच्या धर्मातून येते, म्हणून गाभ्यात त्याला जागा नाही.

इथे पुण्याकडे वळायला हवे. स्टेस यांच्या आधी २७ वर्षे, १९३३ साली, रामचंद्र दत्तात्रेय रानडे यांचा ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. निंबाळचे गुरुदेव रानडे म्हणून महाराष्ट्र-कर्नाटकात त्यांना मानणारे आजही खूप आहेत. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी शिकवले, पुढे ते अलाहाबाद विद्यापीठात गेले आणि तिथे कुलगुरूही झाले. ज्ञानेश्वरांपासून रामदासांपर्यंतच्या संतांची मांडणी त्यांनी या ग्रंथात इंग्रजी वाचकांसाठी केली, आणि तीही पक्क्या शाश्वतवादी भूमिकेतून. सर्व देशांतले, सर्व काळांतले साक्षात्कारी पुरुष एकाच मंडळातले, त्यांची भाषा परस्परांना कळते, असा त्यांचा विश्वास होता. पण त्यांच्या मते या समान अनुभवाची चिन्हे कोणती? दिसणारा प्रकाश, दिसणारी रूपे, ऐकू येणारा नाद. संतांच्या अभंगांतून त्यांनी अशा उल्लेखांची काळजीपूर्वक नोंद केली आणि त्यांची वर्गवारीही केली.

रानडे आणि स्टेस दोघेही म्हणतात की गाभा सगळीकडे एकच आहे. पण एकाच्या गाभ्यात ज्या गोष्टी ठळक आहेत, नेमक्या त्याच दुसऱ्याने गाळल्या आहेत. रानडे उमदीच्या भाऊसाहेब महाराजांचे शिष्य. नामस्मरण करत ध्यानाला बसायचे आणि अशा खुणांवरून प्रगती ओळखायची, ही त्यांच्या परंपरेची शिस्त. स्टेस निरीश्वर वळणाचे, बौद्ध देशात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवलेले तत्त्वज्ञ. प्रत्येकाला सापडलेला ‘सार्वत्रिक गाभा’ त्याच्या स्वतःच्या घडणीशी जुळतो. शाश्वतवादाविरुद्धचा सगळ्यात बोचरा पुरावा मला इथे दिसतो, कारण हे दोघे विरोधक नव्हते, एकच बाजू मांडत होते.

आता त्या प्रश्नावलीकडे पुन्हा पाहू. तिच्यात जे विचारले आहे त्याचेच उत्तर मिळणार. एकत्व वाटले का, असे विचारले आहे. दुरावा वाटला का, असे विचारलेले नाही. वारकरी संतांच्या कवितेशी थोडासा परिचय असलेल्याला यातली उणीव लगेच जाणवेल. नामदेव आणि तुकाराम यांच्याकडे विरहाची तळमळ ही साधनेतली कच्ची अवस्था नाही, तीच अनेकदा त्यांच्या अनुभवाचा कणा असते. भक्तीचे सुख घेता यावे म्हणून वेगळेपण राहू दे, मोक्ष नको, ही मागणी या परंपरेत पुन्हा पुन्हा येते. एकत्व, शांती आणि काळाच्या भानाचा लोप यांना गुण देणाऱ्या यादीत विठ्ठलासाठी व्याकुळ झालेला नामदेव नापास होईल. ऑक्सफर्डचे आर. सी. झेनर यांनी १९५७ मध्येच बजावले होते की, ईश्वराच्या प्रेमाचा अनुभव आणि भेद पुसला गेल्याचा अनुभव एका पोत्यात भरू नका. हक्सले यांनी मेस्कलिन घेऊन आलेल्या अनुभवाला संतांच्या पंक्तीत बसवले, याचा त्यांना राग होता. त्यांनी स्वतः मेस्कलिन घेऊन पाहिले आणि त्यात धार्मिक काही नव्हते असे नोंदवले. झेनर स्वतः कॅथलिक होते आणि त्यांच्या वर्गवारीत ईश्वरप्रेम सगळ्यात वर बसते, हे अर्थात योगायोगाने झालेले नाही.

यादी काय गाळते याचा आणखी एक दाखला त्याच चॅपेलमधला आहे. सुमारे पंचवीस वर्षांनी रिक डॉब्लिन यांनी त्या विद्यार्थ्यांना शोधून काढले, १६ जणांशी बोलणे केले आणि १९९१ मध्ये निष्कर्ष छापले. सायलोसायबिन घेतलेले लोक त्या दिवसाला आयुष्यातला मोठा आध्यात्मिक प्रसंग मानत होते, हे खरे. पण त्यांतल्या अनेकांना त्या दुपारी मरणाची, वेड लागण्याची भीती वाटली होती. एकाला तर आवरण्यासाठी शामक इंजेक्शन द्यावे लागले होते आणि पॅन्के यांनी आपल्या अहवालात त्याचा उल्लेख केला नव्हता. ‘गाढ आनंद’ हे लक्षण मानणाऱ्या यादीत भीतीला रकानाच नसतो. मग अनुभव सगळ्यांचा सारखाच दिसतो, यात नवल काय?

दुसरा पक्ष रचनावाद्यांचा. हा शब्द मराठी पालकांना शाळेतल्या ज्ञानरचनावादामुळे माहीत आहे, आणि मूळ विचार दोन्हीकडे जवळचाच आहे: जाणणारा माणूस कोरी पाटी नसतो. १९७८ मध्ये स्टीव्हन कॅट्झ यांनी संपादित केलेल्या एका निबंधसंग्रहातल्या त्यांच्याच निबंधाने हा वाद पेटला. कॅट्झ यांचा दावा निःसंदिग्ध होता. कोणताही मानवी अनुभव निव्वळ, अमिश्र, मध्यस्थाविना येत नाही. गूढानुभवही याला अपवाद नाही. स्टेस समजतात तसे आधी अनुभव आणि मागून अर्थ असे घडतच नाही. भाषा, ग्रंथ, गुरूने सांगितलेली अपेक्षा, वर्षानुवर्षांची साधना हे सगळे अनुभवाच्या आधीपासून कामाला लागलेले असते आणि अनुभव कसा असेल हे तेच घडवते. कब्बालाच्या वाटेने जाणाऱ्या यहुदी साधकाला लहानपणापासून शिकवलेले असते की, देव आणि माणूस यांच्यातली दरी पूर्ण मिटत नाही. म्हणून त्याला येतो तो ‘देवेकुत’चा, देवाला बिलगून राहण्याचा अनुभव, विलीन होण्याचा नव्हे. बौद्ध भिक्खूला शिकवलेले असते की टिकणारा आत्मा नाही, तृष्णा विझवायची आहे. म्हणून त्याला निर्वाण मिळते, आणि निर्वाणात कोणी कोणाला बिलगत नाही. कॅट्झ म्हणतात, या दोन वर्णनांत फक्त शब्दांचा फरक आहे असे म्हणणे म्हणजे त्या दोन्ही साधकांचे म्हणणे ऐकायला नकार देणे.

या शेवटच्या मुद्द्यात मोठी नैतिक ताकद आहे असे मला वाटते. सगळे एकच सांगतात, असे म्हणणारा वरवर उदार दिसतो, पण प्रत्येक साधकाला तो सांगत असतो की तुला काय झाले ते तुझ्यापेक्षा मला जास्त कळते. ज्या भिक्खूने आत्मा नाकारण्यात आयुष्य घालवले त्याला, तुला आत्माच भेटला, असे सांगणे हा आदर नव्हे.

तरीही कॅट्झ यांच्या बाजूने संपूर्ण निकाल देता येत नाही. पहिली अडचण त्यांच्याच आवडत्या उदाहरणाची आहे. यहुदी गूढवादात विलीन होण्याचा अनुभव जवळजवळ नाहीच, हे मत गेर्शोम शोलेम या थोर अभ्यासकाचे आणि कॅट्झ त्याच वाटेने गेले. पण १९८८ मध्ये मोशे इडेल यांनी हस्तलिखिते आणि ग्रंथ समोर ठेवून दाखवले की, तेराव्या शतकातल्या अबुलाफियापासून पुढे हसिदी साधकांपर्यंत देवाशी एकरूप झाल्याची थेट वर्णने यहुदी परंपरेत आहेत. शिकवणुकीने दरी सांगितली होती आणि काहींना ती मिटल्याचा अनुभव आला. मग शिकवणूकच अनुभव घडवते हे सूत्र इथे कसे लावायचे?

दुसरी अडचणही याच जातीची. माइस्टर एकहार्ट हे डॉमिनिकन पंथातले विद्वान धर्मोपदेशक. १३२९ मध्ये पोप जॉन बाविसावे यांनी त्यांची २८ विधाने दोषी किंवा संशयास्पद ठरवली. तोवर एकहार्ट वारले होते. चर्चने ज्याला पाखंड म्हटले ते बोलायला चर्चच्याच शिक्षणाने त्यांना कसे प्रवृत्त केले? रचनावादी उत्तर देतात की, एकहार्टच्या हाताशी नवप्लेटोवादाची शिदोरी होती, ती त्यांच्या अनुभवात उतरली. उत्तर योग्य असेलही. पण परंपरेला धरून अनुभव आला तर परंपरेने घडवला, विरुद्ध आला तर दुसऱ्या कुठल्या तरी परंपरेने घडवला, असे म्हणत राहिले तर हा सिद्धान्त कधीच चुकणार नाही. जो चुकूच शकत नाही त्याच्याकडून आपण काही शिकतही नाही.

दोन्ही पक्षांची खरी परीक्षा घ्यायची तर एका माणसाचे प्रकरण सविस्तर पाहायला हवे. मी रमण महर्षींचे घेतो, कारण शाश्वतवादी त्यांचे नाव हुकमी पुरावा म्हणून पुढे करतात. जुलै १८९६. मदुराईत काकांच्या घरी माडीवर वेंकटरमण नावाचा १६ वर्षांचा मुलगा एकटा बसला होता. आजारी नव्हता. अचानक त्याला आपण आत्ता मरणार अशी भीती वाटली. त्याने डॉक्टरला हाक मारली नाही. तो आडवा झाला, हातपाय ताठ केले, ओठ मिटले, श्वास रोखला आणि मरण काय असते याचा शोध घेऊ लागला. देह मेला, तो आता जाळतील; पण त्याने ‘मी’ मेलो का? देहापलीकडे असलेला ‘मी’ त्याला इतका ठळक जाणवला की, भीती गेली ती परत आली नाही. सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, त्याने घर सोडले आणि १ सप्टेंबरला तो तिरुवण्णामलैला पोचला.

शाश्वतवादी म्हणतात, पाहा, या मुलाला ना गुरू, ना वेदान्ताचा अभ्यास. मिशनच्या शाळेत शिकणारा, अभ्यासात फारसे लक्ष नसलेला मुलगा. आपल्याला जे झाले त्याचे नाव वेदान्तात आहे हे त्याला पुढे तिरुवण्णामलैत भक्तांनी आणलेल्या ग्रंथांतून कळले. म्हणजे आधी अनुभव, मग नाव. कॅट्झ यांच्या सिद्धान्ताच्या बरोबर उलट.

आता रचनावादी काय विचारेल? पहिला प्रश्न साधनाचा: हा वृत्तान्त आपल्यापर्यंत कसा आला? त्याचे प्रसिद्ध रूप नरसिंहस्वामींनी १९३१ साली काढलेल्या इंग्रजी चरित्रात आहे. घटनेनंतर सुमारे ३५ वर्षांनी, वेगवेगळ्या वेळी झालेल्या संभाषणांवरून, दुसऱ्या भाषेत रचलेले ते निवेदन आहे. महर्षींच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे नव्हेत. मधल्या काळात महर्षी स्वतः अद्वैताचे जगन्मान्य आचार्य झाले होते. दुसरा प्रश्न पूर्वतयारीचा. मुलगा अगदी कोरा नव्हता. ब्राह्मण घर, जवळच मीनाक्षीचे मंदिर. आधीच्या नोव्हेंबरात एका नातेवाइकाच्या तोंडून अरुणाचल हे नाव ऐकून तो थरारला होता. त्यानंतर ‘पेरियपुराणम्’ त्याच्या हाती लागले होते. ६३ शैव संतांची ती चरित्रे वाचून त्या भक्तीने तो भारून गेला होता.

इथवर वाटते की रचनावाद्याने बाजी मारली. पण थोडे थांबून पाहिले तर कोडे सुटलेले नाही. ‘पेरियपुराणम्’ मध्ये आहे ती शिवाची उत्कट सगुण भक्ती. त्यातून घडलेल्या मुलाला शिवाचे दर्शन व्हायला हवे होते, निदान देव भेटायला हवा होता. झाले ते निराळेच: देव नाही, रूप नाही, फक्त ‘मी’ची निर्विवाद जाणीव. आणि त्या दुपारनंतर हा मुलगा रोज मीनाक्षीच्या मंदिरात जाऊन त्याच ६३ संतांच्या मूर्तींसमोर उभा राहू लागला, आपल्यालाही त्यांच्यासारखी भक्ती लाभो म्हणून. कधी प्रार्थना सुचत नसे, नुसते डोळे वाहत. अनुभव त्याच्या वाचनातून आला नव्हता असे म्हणावे तर पावले मात्र वाचनाने दाखवलेल्या जागी वळली. वाचनातून आला होता असे म्हणावे तर वाचनात नसलेली गोष्ट त्यात कुठून आली?

या प्रकरणातून मी काढतो तो निष्कर्ष असा. अनुभवाला कोणती वाट मिळाली, तो कोणत्या क्षणी आला, त्यानंतर माणूस काय करू लागला, त्याला कसे सांगू लागला, यांत परंपरेचा हात सर्वत्र दिसतो. पण मध्यभागी जे घडले ते परंपरेने पुरवलेल्या साच्यातून जसेच्या तसे निघाले असे दाखवता येत नाही. रचनावादाला तिथवर पोचायला पुरावा लागेल, आणि कॅट्झ यांनी तो दिलेला नाही. मध्यस्थाविना अनुभव नसतोच हे त्यांनी तपासून सिद्ध केलेले नाही; कांटच्या तत्त्वज्ञानाच्या आधारे ते त्यांनी आरंभीच मांडले आहे. स्टेस यांनी जे साम्याच्या बाबतीत केले तेच कॅट्झ यांनी भेदाच्या बाबतीत केले.

ही फट रॉबर्ट फोरमन यांनी १९९० मध्ये हेरली. त्यांचा प्रश्न साधा होता. दृष्टांतात दिसणारा देव परंपरेने घडवला हे मान्य. पण ज्या अवस्थेत काहीच दिसत नाही, सुचत नाही, फक्त जागेपण आहे, तिथे परंपरेने घडवले ते काय? घडवायला काही जिन्नस तरी हवा. अनेक साधनांचा रोखच मुळी शिकलेले विसरण्याकडे, संकल्पना गळून पडण्याकडे असतो. रचनावादी उलट विचारतात की, अशी अवस्था होती हे नंतर कळते कसे? काहीच जाणवत नव्हते तर आठवले कोणाला?

हा प्रश्न भारतात फार जुना आहे आणि आपल्या पंडितांनी तो झोपेवरून लढवला होता. गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, सुखाने झोपलो, काही कळले नाही. अद्वैती म्हणतात, हे स्मरण आहे. म्हणजे झोपेतही जाणीव होती, नाही तर आठवले कसे? नैयायिक म्हणतात, हे स्मरण नव्हे, अनुमान आहे. उठल्यावर अंग हलके वाटते, मधल्या वेळेचे काही सापडत नाही, म्हणून माणूस ताडतो की मला काही कळत नव्हते. विषयरहित जाणिवेचा दावा करणाऱ्या प्रत्येक आधुनिक लेखकासमोर हेच दोन पर्याय उभे राहतात, आणि अजून कोणी नैयायिकांचे तोंड पूर्णपणे बंद केलेले नाही. तरी त्यामुळे फोरमन यांचा मुद्दा बाद होत नाही. ज्या ठिकाणी आशय सगळ्यात कमी असतो त्या ठिकाणी रचनावादाची पकड सगळ्यात सैल असते, एवढे तरी त्यांनी दाखवून दिले.

म्हणून माझे मत सांगतो. रचनावाद हा तपासाचा शिरस्ता म्हणून स्वीकारावा. ज्याचा अनुभव त्याचे शब्द आधी ऐकावेत, त्याने काय वाचले होते, कोणाकडे शिकला होता, वृत्तान्त कधी आणि कोणाच्या हातून लिहिला गेला हे विचारावे, फरक दिसले तर ते फुगवटा समजून दाबू नयेत. पण सर्व अनुभवांवरचा अंतिम निकाल म्हणून तो स्वीकारू नये. साम्य हा शोधाच्या शेवटी लागू शकणारा निष्कर्ष आहे. तो प्रश्नावलीत आधीच भरून ठेवला तर शोध उरत नाही. आणि साम्य सापडलेच, तरी त्यातून ब्रह्म किंवा ईश्वर आहे हे सिद्ध होत नाही. सगळ्यांची मज्जासंस्था एकसारखी आहे एवढ्यानेही साम्य येऊ शकते. तसेच फरक सापडले म्हणून ते सगळे भ्रमिष्ट होते असेही ठरत नाही. या दोन उड्या लोक फार सहज मारतात.

हे सगळे आज केवळ ग्रंथालयातले भांडण राहिलेले नाही. २००६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी ३६ जणांना सायलोसायबिन दिले आणि २२ जणांना ‘पूर्ण’ गूढानुभव आल्याचे नोंदवले. त्यांची मोजपट्टी पॅन्के यांच्या यादीतून वाढलेली, म्हणजे मूळ स्टेस यांचीच. भाग घेणारे सगळे कमी-जास्त प्रमाणात धार्मिक किंवा आध्यात्मिक जीवन जगणारे होते. या प्रकारचे गुण आता नैराश्यावरच्या, व्यसनमुक्तीच्या उपचारांतही मोजले जातात आणि जितका अनुभव ‘पूर्ण’ तितका उपचाराचा गुण चांगला, अशी चर्चा होते. अशा ठिकाणी यादीत विरहाला, भीतीला, दिसलेल्या देवाला रकाना आहे की नाही याला महत्त्व येते, कारण ज्याला ‘अपूर्ण’ अनुभव आला असे ठरते तो खरोखरचा रुग्ण असतो.

शाश्वतवाद्यांनी यावर दिलेले सगळ्यात सशक्त उत्तर राल्फ हूड यांचे आहे. त्यांनी १९७५ मध्ये स्टेस यांच्यावर आधारलेली ३२ विधानांची मोजपट्टी तयार केली. २००१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, अमेरिकेतल्या आणि इराणमधल्या लोकांनी दिलेल्या उत्तरांची अंतर्गत ठेवण सारखीच येते. दोन वेगळे धर्म, दोन वेगळ्या भाषा आणि तरी उत्तरे सारख्याच गटांत पडतात, ही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही. पण त्यातून कळते ते इतकेच की, ही ३२ विधाने समोर ठेवली तर दोन्हीकडचे लोक त्यांना सारख्या पद्धतीने उत्तरे देतात. तेहतिसावे, त्यांच्याच परंपरेतले, कोणी न विचारलेले विधान काय असते, ते या पद्धतीने कधीच कळणार नाही.

ते कळण्याची एक संधी अलीकडे आली होती. जॉन्स हॉपकिन्स आणि न्यूयॉर्क विद्यापीठ यांनी मिळून निरनिराळ्या धर्मांच्या धर्मगुरूंना सायलोसायबिन देण्याचा प्रयोग केला. २०२५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांची घडण वर्षानुवर्षे एकाच परंपरेत झाली आहे अशी माणसे, द्रव्य एकच, खोलीही सारखीच: दोन्ही पक्षांना समोरासमोर आणायला याहून चांगली मांडणी सुचणे कठीण. पण भाग घेणाऱ्यांत बहुसंख्य ख्रिस्ती निघाले आणि मोजणीसाठी पुन्हा त्याच कुळातली प्रश्नावली वापरली गेली. उलट क्रमाने करायला हवे होते. प्रत्येकाने त्याच संध्याकाळी, कोणतीही यादी पाहण्याआधी, आपल्या भाषेत आपला वृत्तान्त सांगायचा. मग त्याच्या परंपरेतल्या दुसऱ्या जाणत्याने तो वाचून सांगायचे की यातले शिकवलेले किती आणि अनपेक्षित किती. रकाने आखायचे ते त्यानंतर.